रेंडरमधलं वुडन फ्लोअरिंग खऱ्या मापात दिसावं यासाठी: प्लँकचं माप, ग्रेन आणि जॉइंटची दिशा कशी ठरवायची, कशी लिहून द्यायची

रेंडरमध्ये बेड, पडदे, लाइट सगळं नीट असतं आणि तरी खोली खेळण्यातल्या घरासारखी दिसते. अशा वेळी आधी जमिनीकडे बघा. प्लँक दीड फूट रुंद झालेले असतात, नाहीतर आइस्क्रीमच्या काडीएवढे बारीक. क्लायंटला चूक नेमकी सांगता येत नाही. ‘खोली लहान वाटतेय’ किंवा ‘काहीतरी खोटं वाटतंय’ एवढंच तो म्हणतो, आणि मग रेंडर करणारा बिचारा लाइट बदलत बसतो.

रेंडर करणाऱ्याला डिझायनरकडून ‘ओक, लाइट कलर’ एवढीच सूचना आलेली असते. माप त्याने अंदाजाने धरलेलं असतं आणि अंदाज कॅमेऱ्यातून बघून केलेला असतो. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: पुण्यातल्या टू-बीएचकेमधली ११ फूट × १४ फुटांची मास्टर बेडरूम. १४ फुटांच्या टोकाला, म्हणजे ११ फुटी भिंतीत, बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा आहे. फ्लोअरिंग ८ मिमी जाडीचं लॅमिनेट, प्लँकचं माप १२१५ × १९५ मिमी. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: सॅम्पल हातात घ्या, कॅटलॉगवर थांबू नका

लॅमिनेटचे प्लँक साधारण १२०० ते १४०० मिमी लांब आणि १९०-१९५ मिमी रुंद मिळतात. एसपीसीचे बरेचसे १२२० × १८० च्या आसपास असतात. एंजिनिअर्ड वुडमध्ये १२५ पासून २२० मिमीपर्यंत रुंदी सापडते, आणि वुड-फिनिश व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक २०० × १२०० मध्ये येते. ही चार उत्पादनं फोटोत सारखी दिसतात, पण त्यांचे जॉइंट अगदी वेगळे असतात. म्हणून ‘वुडन फ्लोअरिंग’ असं मोघम लिहू नका. प्रकार आणि मिलिमीटरमधलं माप दोन्ही लिहा.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा कुठल्याही शोरूममध्ये गेलात तर वीतभर सॅम्पलवर समाधान मानू नका. अख्खा प्लँक मागा, शक्य असेल तर एकाच डिझाइनचे तीन-चार वेगवेगळे. एका प्लँकवर गाठ असते, दुसऱ्यावर नुसत्या सरळ रेषा, तिसऱ्यावर कमानीसारखा उभा ग्रेन. सॅम्पलच्या तुकड्यावर यातलं एकच काहीतरी येतं आणि रेंडरमध्ये मग तेच सगळीकडे पसरतं.

प्लँक जमिनीवर ठेवा, त्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिमी असतो, त्यामुळे त्या फोटोत कायमची मोजपट्टी मिळते. गाठ नाण्याएवढी आहे की नाण्याच्या निम्मी? कमानीच्या दोन रेषांमध्ये किती अंतर आहे? ओकच्या डिझाइनमध्ये प्लँकच्या कडेजवळच्या सरळ रेषा साधारण १ ते ४ मिमी अंतरावर असतात, कमानीच्या टोकाशी त्या बऱ्याच फाकतात. हा फोटो पुढे टप्पा ४ मध्ये लागणार आहे.

तपासा: प्लँकच्या कडेला बेव्हल, म्हणजे व्ही-ग्रूव्ह, आहे का? असेल तर चारही बाजूंना की फक्त लांब बाजूंना? फक्त लांब बाजूंना असेल तर आडवे जॉइंट जवळजवळ दिसतच नाहीत. रेंडरमध्ये ते ठळक आले तर ते वेगळंच उत्पादन झालं.

टप्पा २: खोलीत ओळी किती बसतात ते कागदावर काढा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एवढा हिशेब करा. खोलीचं माप साइटवरचं घ्या, ब्रोशरमधलं नको. वॉर्डरोब आधी बसणार असेल आणि फ्लोअरिंग त्याच्या पुढ्यात थांबणार असेल, तर माप वॉर्डरोबच्या दर्शनी भागापासून घ्या.

आपल्या उदाहरणात वॉर्डरोब नंतर येतो. ११ फूट म्हणजे ३३५३ मिमी, १४ फूट म्हणजे ४२६७ मिमी. प्लँक १४ फुटांच्या दिशेने जाणार, म्हणजे ओळी ११ फुटांमध्ये मोजायच्या. लॅमिनेट फुगतं-आकसतं, म्हणून दोन्ही भिंतींशी १०-१० मिमी जागा सोडली जाते. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

३३५३ − २० = ३३३३ मिमी
३३३३ ÷ १९५ = १७ ओळी, उरले १८ मिमी

१८ मिमीची शेवटची ओळ कोणताही चांगला फ्लोअरिंगवाला लावणार नाही. इतकी बारीक पट्टी नीट लॉक होत नाही आणि भिंतीशी दोरीसारखी दिसते. तो १६ अख्ख्या ओळी ठेवतो आणि उरलेलं दोन्ही भिंतींशी वाटून टाकतो:

१६ × १९५ = ३१२०
३३३३ − ३१२० = २१३, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण १०६ मिमी

एकूण १८ ओळी. त्यातल्या दोन कडेच्या ओळी अर्ध्याहून थोड्या जास्त रुंदीच्या. लांबीतही तसंच बघा: ४२६७ − २० = ४२४७ मिमी, म्हणजे तीन अख्खे प्लँक आणि ६०२ मिमीचा तुकडा. एका ओळीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन किंवा चारच आडवे जॉइंट दिसणार. रेंडरमध्ये एका ओळीत सहा-सात दिसले तर टेक्स्चर निम्म्या मापाचं लागलंय हे मोजणीवरूनच कळतं, त्याला तज्ज्ञ नजर लागत नाही.

टप्पा ३: दिशा ठरवा आणि प्लॅनवर बाण काढा

प्लँक शक्यतो उजेडाच्या दिशेने, म्हणजे खिडकीकडून आत येणाऱ्या प्रकाशाला समांतर लावतात. तसं केलं की लांब जॉइंटवर आडवी सावली पडत नाही आणि जमीन सलग दिसते. अरुंद खोलीत किंवा पॅसेजमध्ये लांबीच्या दिशेने लावतात. आपल्या खोलीत बाल्कनी ११ फुटी भिंतीत असल्यामुळे दोन्ही नियम एकच उत्तर देतात: प्लँक १४ फुटांच्या दिशेने, बाल्कनीकडे तोंड करून.

खिडकी लांब भिंतीत असेल तर दोन नियम भांडतात. खोली फारच चिंचोळी नसेल तर उजेडाच्या बाजूने जावं असं आमचं मत. मात्र ते रेंडर सुरू होण्याआधी फ्लोअरिंगवाल्याशी पक्कं करा. क्लायंटने रेंडरमध्ये उभे प्लँक पाहिले आणि साइटवर आडवे लागले, तर वाद डिझायनरच्याच गळ्यात पडतो.

दिशा शब्दांत लिहू नका. ‘उभे’ आणि ‘आडवे’ हे कागद कसा धरलाय त्यावर बदलतात. प्लॅनवर बाण काढा आणि त्याशेजारी ‘प्लँकची लांबी या दिशेने’ असं लिहा. ग्रेन नेहमी प्लँकच्या लांबीच्याच दिशेने जातो, म्हणून वेगळा बाण लागत नाही. तरीही रेंडरमध्ये लांबट प्लँकवर आडवा ग्रेन अधूनमधून दिसतोच. जॉइंट एका इमेजमधून आणि ग्रेन दुसऱ्या इमेजमधून घेतला आणि फिरवताना एकच फिरवला की असं होतं.

हेरिंगबोन असेल तर हा बाण पुरत नाही. तिथे प्रत्येक तुकड्याचा ग्रेन स्वतःच्या लांबीने जातो, त्यामुळे सरळ प्लँकची इमेज ४५ अंशात फिरवून ते काम होत नाही. त्यासाठी स्वतंत्र इमेज लागते.

टप्पा ४: इमेज निवडा आणि तिचं खरं माप काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

टेक्स्चर इमेजला स्वतःचं माप नसतं, फक्त पिक्सेल असतात. ती किती मिलिमीटर जमीन दाखवते हे तुम्हाला काढावं लागतं. इमेज उघडून रुंदीत किती ओळी आणि लांबीत किती प्लँक आहेत ते मोजा. समजा ४०९६ × ४०९६ पिक्सेलच्या इमेजमध्ये १२ ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन प्लँकची लांबी आहे. मग:

रुंदी: १२ × १९५ = २३४० मिमी
लांबी: २ × १२१५ = २४३० मिमी

ही इमेज २३४० × २४३० मिमी जमिनीची आहे. रेंडर करणाऱ्याला द्यायचा मुख्य आकडा हाच. ‘टेक्स्चर थोडं लहान कर’ या वाक्याने कुणाचंच भलं झालेलं नाही.

आता प्रमाण तपासा. इमेजमधला एक प्लँक ३४१ पिक्सेल रुंद आणि २०४८ लांब, म्हणजे १ : ६. खरा प्लँक १९५ : १२१५, म्हणजे १ : ६.२३. फरक चारेक टक्क्यांचा, तो डोळ्याला कळत नाही. पण त्याच चौकोनी इमेजमध्ये १२ ऐवजी ८ ओळी असत्या तर प्लँक १ : ४ झाला असता. तो १९५ × १२१५ मध्ये बसवायला दीडपटीहून जास्त ताणावा लागला असता, आणि प्रत्येक गोल गाठ लांबुडकी अंडाकृती झाली असती. दहा टक्क्यांपर्यंतचा ताण चालवून घ्या. त्यापुढे इमेजच बदला.

प्लँकचं माप जुळलं तरी ग्रेनचं जुळलं असेलच असं नाही. इथे टप्पा १ मधला नाण्याचा फोटो समोर घ्या. या इमेजमध्ये १ मिमीला साधारण १.७ पिक्सेल पडतात, म्हणजे २७ मिमीचं नाणं सुमारे ४६ पिक्सेलचं. इमेजमधली गाठ १५० पिक्सेलची निघाली तर ती प्रत्यक्षात जवळजवळ ९० मिमीची, म्हणजे प्लँकची जवळपास अर्धी रुंदी व्यापणारी होईल. तुमच्या सॅम्पलवर ती नाण्याएवढी असेल तर ही इमेज या खोलीसाठी चुकीची. ती मुळात अरुंद लाकडाच्या फोटोवरून मोठी केलेली असण्याची शक्यता जास्त.

सावधान: कॅटलॉगमधला चौकोनी नमुना कापून टेक्स्चर म्हणून वापरू नका. त्यात बहुतेकदा एका प्लँकचा अर्धवट तुकडा असतो, ओळी मोजायला काहीच सापडत नाही, आणि कडा जुळत नसल्यामुळे दर काही फुटांवर शिवण दिसते.

टप्पा ५: सॉफ्टवेअरमध्ये माप भरा

स्केचअपमध्ये मटेरियलच्या `Edit` टॅबमध्ये रुंदी-उंचीच्या दोन चौकटी असतात. मधली साखळी उघडा, नाहीतर एक आकडा भरला की दुसरा आपोआप बदलतो. फूट-इंचाच्या टेम्प्लेटमध्ये नुसतं 2340 टाइप केलं तर ते इंच धरलं जातं. म्हणून एककासकट लिहा: `2340mm` आणि `2430mm`. आपल्याकडे ड्रॉइंग फूट-इंचात आणि प्रॉडक्ट मिलिमीटरमध्ये असतं, त्यामुळे ही चूक कायमची पाहुणी आहे.

मटेरियल ग्रुपवर न टाकता थेट जमिनीच्या फेसवर टाका. ग्रुपवर टाकलं तर राइट-क्लिकमध्ये `Texture` > `Position` येतच नाही आणि दिशा फिरवता येत नाही. फिरवताना हिरवी पिन ओढू नका, ती फिरवता फिरवता मापही बदलते. `Position` चालू असताना पुन्हा राइट-क्लिक करून `Rotate` > `90` घ्या.

थ्रीडीएस मॅक्समध्ये `UVW Map` लावा, `Planar` निवडा आणि `Length`, `Width` मध्ये २४३० आणि २३४० भरा (सिस्टिम युनिट मिलिमीटर आहे हे आधी बघून). `Real-World Map Size` वापरायचं असेल तर इमेजमधलं `Use Real-World Scale` सुद्धा चालू हवं. एक चालू आणि एक बंद राहिलं की माप पार बिघडतं. दिशा बदलायला गिझ्मो फिरवा, इमेजमधला `W` अँगल नको. गिझ्मो फिरवला की रंग, बंप आणि ग्लॉसच्या तिन्ही इमेज एकत्र फिरतात.

तपासा: रंगाच्या इमेजचं टायलिंग बदललं आणि बंपचं जुनंच राहिलं, तर चकाकी पडते तिथे जॉइंटच्या शेजारी दुसरी भुताटकी रेष दिसते. जमिनीजवळ कॅमेरा नेऊन तिरप्या उजेडात एक छोटा रेंडर काढला की लगेच कळतं.

टप्पा ६: पहिला जॉइंट जागेवर आणा

डाव्या भिंतीपासून १० मिमी गॅप आणि १०६ मिमीची अर्धी ओळ, म्हणजे पहिला लांब जॉइंट भिंतीपासून ११६ मिमीवर. तिथे गाइडलाइन टाका आणि टेक्स्चर सरकवून इमेजमधला कोणताही एक लांब जॉइंट तिच्यावर आणा. बाकीच्या सगळ्या ओळी आपोआप बरोबर पडतील आणि उजव्या भिंतीशीही तेवढीच ओळ उरेल. न उरली तर टप्पा २ किंवा ४ मधला आकडा चुकलाय. पुढे जाऊ नका.

टप्पा ७: वरून मोजा, कॅमेऱ्यातून नको

इंटिरिअर रेंडरला लेन्स वाइड लागते. १८ मिमीच्या लेन्समध्ये कॅमेऱ्यापाशी असलेले प्लँक राक्षसी दिसतात आणि लांबचे चिमुकले. कॅमेऱ्यातून बघून माप ठरवलं की माणूस पुढचे प्लँक बघून टेक्स्चर बारीक करतो, आणि दुसऱ्या व्ह्यूमध्ये तीच जमीन बारीक काड्यांची होते. म्हणून `Top` व्ह्यू घ्या, पर्स्पेक्टिव्ह बंद करा आणि ओळी मोजा:

- भिंतीपासून भिंतीपर्यंत १८ ओळी, कडेच्या दोन कमी रुंद.
- ६ फुटी बेडच्या रुंदीत नऊ-साडेनऊ ओळी.
- ९०० मिमीच्या दारात साडेचार ओळींहून थोडं जास्त.
- ए-फोर कागदाच्या मापाचा आयत जमिनीवर ठेवा. त्याची २१० मिमीची बाजू एका प्लँकपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे.

हे जुळलं आणि तरी कॅमेऱ्यात प्लँक मोठे वाटले, तर लेन्स २४-२८ मिमीवर आणा किंवा कॅमेरा मागे घ्या. टेक्स्चरला हात लावू नका.

टप्पा ८: तोच नमुना पुन्हा पुन्हा दिसत असेल तर

माप बिघडण्याचं खरं कारण पुष्कळदा इथेच असतं. इमेज २४३० मिमी लांब आणि खोली ४२४७, म्हणजे एखादी ठळक गाठ लांबीत दोनदा येणार. रुंदीत तेराव्या ओळीपासून पहिली ओळ पुन्हा सुरू होणार. हे खटकलं की रेंडर करणारा टेक्स्चर दीडपट मोठं करतो. पुनरावृत्ती लपते, पण प्लँक १९५ चा २९० मिमीचा होतो. नोंदीत स्पष्ट लिहा की पुनरावृत्ती लपवण्यासाठी माप बदलायचं नाही.

त्याऐवजी आधी इमेजमधली सगळ्यात ठळक गाठ पुसून टाका. निम्मं काम तिथेच होतं. मग बाराव्या आणि तेराव्या ओळीमधल्या जॉइंटवर जमिनीचा फेस कापा, आणि तेराव्या ओळीपासून पुढचं टेक्स्चर फक्त लांबीच्या दिशेने ७०० मिमीच्या आसपास सरकवा. काप जॉइंटवरच असल्यामुळे शिवण दिसत नाही. कापाची रेष तेवढी लपवा. सरकवल्यावर बाराव्या आणि तेराव्या ओळीचे आडवे जॉइंट एकमेकांपासून किमान ३०० मिमी लांब आहेत ना, हे बघा. लावतानाही साधारण एवढं अंतर ठेवलं जातं. ते जवळ आले तर ७०० च्या जागी ५०० करून बघा.

थ्रीडीएस मॅक्सवाल्यांना फ्लोअरजनरेटर आणि मल्टिटेक्स्चर या प्लगइनचा मार्ग आहे. त्यात प्रत्येक प्लँक वेगळा तयार होतो. मात्र त्यासाठी एकेका प्लँकच्या किमान आठ-दहा सुट्या इमेज हव्यात. तीनच इमेज दिल्या तर पुनरावृत्ती वेगळ्या रूपात परत येते.

टप्पा ९: जॉइंटची जाडी

लॅमिनेटच्या बेव्हलची दिसणारी रेष साधारण १-२ मिमीची. ११ फुटी भिंत रेंडरमध्ये १२०० पिक्सेलवर पसरली असेल तर तिथे एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ २.८ मिमी. म्हणजे लांबचा जॉइंट पिक्सेलपेक्षाही बारीक आहे आणि तो पुसट दिसणं हेच बरोबर आहे. ‘जॉइंट दिसत नाहीत’ म्हणून तो ४-५ मिमीचा काळा केला की बघणाऱ्याला टाइलचं ग्राउट वाटतं, आणि मग १९५ मिमीचा बरोबर प्लँकही लहान भासतो. रंग काळा न घेता लाकडाचाच दोन छटा गडद घ्या.

वुड-फिनिश टाइलचं गणित वेगळं आहे. तिथे २-३ मिमीचा स्पेसर खरोखरच असतो आणि ग्राउटचा रंग नोंदीत लिहावा लागतो. शिवाय लांब टाइल मध्यभागी किंचित उचललेली असते, म्हणून ती अर्ध्यावर न लावता एक तृतीयांश सरकवून लावतात. रेंडरमध्येही तसंच दाखवा.

टप्पा १०: नोंद अशी द्या

बाण काढलेल्या प्लॅनवर एवढं लिहा आणि नाण्याचा फोटो सोबत जोडा:

- लॅमिनेट ८ मिमी, प्लँक १२१५ × १९५ मिमी, चारही बाजूंना बेव्हल, मॅट.
- इमेज १२ ओळी × २ प्लँक = २३४० × २४३० मिमी. रंग, बंप, ग्लॉस तिन्हींना हेच माप.
- प्लँकची लांबी बाणाप्रमाणे, बाल्कनीच्या दिशेने.
- पहिला लांब जॉइंट डाव्या भिंतीपासून ११६ मिमी. एकूण १८ ओळी.
- शेजारच्या ओळींच्या आडव्या जॉइंटमध्ये किमान ३०० मिमी.
- जॉइंट १ ते १.५ मिमी, लाकडाच्या रंगापेक्षा दोन छटा गडद.
- गाठ जास्तीत जास्त ३० मिमी (सॅम्पलवरून).
- पुनरावृत्ती लपवण्यासाठी माप बदलायचं नाही.
- पहिल्या रेंडरसोबत `Top` व्ह्यू पाठवणे.

शेवटची ओळ विसरू नका. `Top` व्ह्यू मागितला नाही तर ओळी मोजायला तुमच्याकडे फक्त तिरपा कॅमेरा व्ह्यू उरतो, आणि त्यात बेडखालच्या ओळी झाकलेल्या असतात.